लिंक मेली नव्हती

अंजली वानखडे सिंगापूरला येऊन बरीच वर्षं झाली, पण तिनं आपली बोली काही सोडली नाही. मानोऱ्याकडच्या खेड्यातून निघाली, अमरावतीला इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरी केली, तिथल्या पोरींनी हसून हसून पोट धरलं, तरी ही "मले" अन् "तुले"च म्हणत राहिली. हसणाऱ्या थकल्या, ही नाही थकली.

आता वुडलँड्सला एका फ्लॅटात खोली घेऊन राहते. सकाळी एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो पकडते अन् तांजोंग पगारला उतरते. काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर कुठं फुटतं ते बोट घालून पाहायचं. बाजारात काही बाया पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या तुरीकडं पाहतच नाहीत, सरळ कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ काढतात. दुकानदार अशा बाईवर मनातून जळतो. अंजलीवरही ऑफिसातली माणसं तशीच जळायची. सगळ्यात जास्त तिचा मॅनेजर, प्रबोध.

प्रबोध पुण्याचा. गोड बोलायचा. "अंजली, तू मले-तुले करतेस ना, कानाला कसं मातीचं वाटतं," असं तो लोकांसमोर म्हणायचा, अन् मग आपणच हसायचा. अंजली म्हणायची, "मातीचंच हाय ते. तुमच्यासारखं फरशीचं नाही."

त्यांची कंपनी दवाखान्यांसाठी पेशंटचं पोर्टल बनवायची. माणसानं घरी बसून आपले रिपोर्ट पाहावेत, डॉक्टरची वेळ घ्यावी, औषधाच्या वेळा पाहाव्यात, असं ते. मोबाइलवर कोड पाठवून ओळख पटवायची सोय 'पुढच्या टप्प्यात' होती, अन् तो टप्पा काही येत नव्हता. तोवर सगळा कारभार पासवर्डवर. पासवर्ड विसरला तर मेलवर एक लिंक येणार, ती उघडली की नवा पासवर्ड टाकायचं पान. बस.

आता ही लिंक म्हणजे चावी असते. नवा पासवर्ड टाकून झाला की तिनं मेलं पाहिजे. दुसरी लिंक मागवली तर पहिलीनं तेव्हाच मेलं पाहिजे. अंजलीनं मागच्या वर्षी हात घालून पाहिलं, तर इथं कोणतीच मरत नव्हती. एकाच खात्याच्या पाच लिंका मागवल्या, पाचही जिवंत. पाचवी वापरली, मग पहिली उघडली, पहिलीनंही मुकाट्यानं पासवर्ड बदलून दिला. वापरलेली पाचवी पुन्हा उघडली, ती पण तयार. अन् मुदत किती, तर वर्षभर.

ती प्रबोधच्या टेबलाशी गेली.

"लिंक वापरून झाल्यावरही चालून राहिली."

"चालते ना? मग उत्तम. चालत नाही म्हणून लोक बोंबलतात."

त्यात त्याचा स्वतःचा हात होता. आधी लिंक एकदाच चालायची. पण मोठ्या कंपन्यांत येणारी मेल आधी एक यंत्र तपासतं, त्यातली लिंक विषारी तर नाही म्हणून उघडून पाहतं. तेवढ्या उघडण्यानंच लिंक खर्ची पडायची, अन् पेशंट दाबायला गेला की 'लिंक वापरली गेली आहे' असं उत्तर. कोणी घाईत दोनदा लिंक मागवायचं अन् जुनी मेल उघडून बसायचं. तक्रारींचा ढीग. यावर साधा उपाय होता. नुसतं उघडल्यानं नाही, नवा पासवर्ड खरंच जतन झाल्यावर लिंक मारायची. पण त्याला थोडं काम लागलं असतं. प्रबोधनं तपासणीच काढून टाकली. तक्रारी बंद झाल्या. त्याबद्दल त्याचं सगळ्यांसमोर कौतुक झालं, केक कापला गेला.

"अन् मला सांग," प्रबोध म्हणाला, "लिंक जाते कुणाच्या मेलवर? ज्याची त्याच्याच ना? चोर येणार कुठून?"

"एकानं दातवण चावून फेकलं, ते दुसऱ्यानं उचलून तोंडात घातलं, तर?"

"शी. काय बोलतेस."

"म्हणूनच सांगून राहिली."

प्रबोधनं तिच्या नोंदीपुढं 'ठरल्याप्रमाणेच चालते' असं लिहिलं अन् नोंद मिटवली.

मग यंदा एक तक्रार आली. एका दवाखान्याची पेशंट, मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी. तिचं म्हणणं, माझा पासवर्ड आपोआप बदलतो. मदत-कक्षातल्या माणसांनी तिला परत परत तेच उत्तर पाठवलं होतं: कृपया पासवर्ड लक्षात ठेवा, सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवा. खाली स्मायली. शेवटच्या वेळी बाईनं लिहिलं होतं, 'मी विसरत नाही. कोणीतरी नीट बघा.' म्हणून ती तक्रार टेस्टिंगकडं ढकलली गेली, अन् अंजलीच्या ताटात पडली.

अंजलीनं नोंदी काढल्या. सुरुवातीची एक लिंक होती, बाईनं खातं उघडलं तेव्हाची. ती बाईच्या फोनवरून वापरली गेली होती. ते ठीक. पण तीच लिंक नंतर परत परत वापरली गेली होती, दुसऱ्याच ठिकाणच्या इंटरनेटवरून. दर वेळी रिपोर्ट आला की एकदोन दिवसांत. त्यानंतर बाईला आत जाता यायचं नाही, ती बिचारी नवी लिंक मागवायची, नवा पासवर्ड टाकायची. अन् पुढच्या रिपोर्टाला ती जुनी लिंक परत उठायची. घरमालकीण दर वेळी कुलूप बदलते, अन् चोराजवळ कुलूप बदलायचीच चावी. तिनं कॉफी तशीच सिंकमध्ये ओतली.

नाव पाहिलं तर वल्लरी. आडनाव मराठी. अंजलीनं प्रबोधला विचारून फोन लावला, काय काय दाबता ते सांगा म्हणून. तिकडून दमलेला, पुण्याकडचा आवाज.

"तुम्ही मराठी आहात?" वल्लरी म्हणाली. "बरं झालं. इंग्रजीत मी वेडीच वाटत असेन."

"मी अंजली. तुम्हाले एक विचारते. खातं उघडलं तेव्हा जी लिंक आली होती, ते तुम्ही कोणाले पाठवली होती काय?"

वल्लरी म्हणाली, "घरच्या ग्रुपवर टाकली होती. तेव्हा मी नवीनच आले होते इथे. फोनवर ते पान उघडतच नव्हतं. वरुण म्हणाला, ग्रुपवर टाक, ताई करून देईल. मग माझंच उघडलं, मीच करून टाकलं."

"ग्रुपमधी कोण?"

"आम्ही दोघं, सासूबाई, त्या पुण्यात असतात. आणि जाईताई, माझी नणंद. बुकित तिमाहला असतात."

"मंग ते लिंक पुसून नाही टाकली?"

"कशाला? वापरून झाली होती ना."

वापरून झाली होती ना. अंजलीनं डोळे मिटले. बाईचं काय चुकलं? वापरलेलं तिकीट कोणी तिजोरीत ठेवतं काय? आपल्यात तर असलं काम आलं की घरातला एक शहाणा धरतात अन् त्याच्याकडं लिंक ढकलतात. बँकेची, शाळेची, पासपोर्टाची, सगळी. 'ताई, लिंक पाठवलीय, करून दे.' अर्धा मराठी संसार असाच चालतो.

"आता ते ग्रुपवरची जुनी लिंक शोधा," अंजली म्हणाली, "अन् उघडा."

वल्लरी ग्रुपवर मागं मागं शोधत गेली.

"उघडली," वल्लरी म्हणाली. "नवा पासवर्ड टाका म्हणतेय."

"हो."

"म्हणजे कुणीही..."

"ज्याच्याजवळ लिंक, त्याले जमते."

वल्लरी एकदम सांगत सुटली. मागच्या खेपेला तिची स्त्रीबीजं काढली, तेव्हा तीनच मिळाली. तो रिपोर्ट दुपारी आला. वरुणला संध्याकाळी समोर बसवून सांगू, असं तिनं ठरवलं होतं. त्याआधीच पुण्याहून सासूबाईंचा फोन. "तीनच का गं? आमच्यात असं कुणाचं नव्हतं." तिला वाटलं, आपणच बोलून गेलो असू अन् विसरलो. कारण विसरते असं सगळेच म्हणत होते. पासवर्ड विसरते, म्हणजे डोकं ठिकाणावर नाही. औषधांनी होतं म्हणे.

"पुढची खेप सुरू व्हायची आहे," ती म्हणाली. "वरुण म्हणतो, नको. तुला पासवर्ड लक्षात राहत नाही, इंजेक्शनची वेळ कशी राहील? एक चुकलं तर सगळं वाया. माझं वय बघता, अंजलीताई, ही खेप गेली तर गेलंच. आणि त्याच्या सहीशिवाय दवाखाना सुरूच करत नाही."

असं होतं ते. बाईचं मूल होणार का नाही ते ठरणार होतं, अन् ठरणार कशावर, तर ती विसरभोळी आहे या एका गोष्टीवर.

"कोणी केलं ते मले सांगता येत नाही," अंजली म्हणाली. "ते नोंदी कंपनीच्या हायेत, दवाखान्यानं रीतसर मागा लागते. पण एक सांगते, अन् हे मी कोणासमोरही सांगीन. तू विसरली नाहीस. एकदाही नाही."

वल्लरी रडली नाही. "थँक यू," म्हणाली अन् फोन ठेवला.

डेटाबेस सांभाळणारी पोरगी वेई लिंग अंजलीच्या बाजूलाच बसायची. अंजलीनं तिला वल्लरीच्या खात्याच्या सगळ्या जुन्या लिंका हातानं मारायला लावल्या. खात्यात कोणी आत बसून असेल तर तेही बाहेर. "कॅन, कॅन, होईल. पण बाकीच्यांचं काय?" वेई लिंग म्हणाली. बाकीच्यांचं काय, हे अंजलीनं प्रबोधला लिहून पाठवलं. दुरुस्ती कशी करायची ते पण लिहिलं. प्रबोधनं उत्तर दिलं, 'पाहू.'

त्यानंतरच्या रविवारी वल्लरी नणंदेकडं जेवायला गेली. वल्लरीनं ते नंतर सांगितलं तेव्हा अंजलीला आधी हसू आलं अन् मग हसण्याचीच शिसारी आली.

जाईताईचा मोठा कॉन्डो, खाली पोहायचा तलाव, टेबलावर आमरस. वाढता वाढता जाईताई म्हणाली, "अगं वल्लरी, तुझी ती लिंक चालेनाशी झाली. क्लिनिकवाल्यांनी काहीतरी बिघडवून ठेवलंय, बघ जरा."

लपवणं नाही, चाचरणं नाही. आमरसाची पळी हातात.

वल्लरीनं ताटावरचा हात काढला. "कुठली लिंक, ताई?"

"तीच गं. तूच टाकली होतीस ना ग्रुपवर? मी आपली अधूनमधून बघते. आईलाही काळजी असते. तू तर काही सांगत नाहीस."

"म्हणजे माझा पासवर्ड तुम्ही बदलायचात?"

"बदलल्याशिवाय आत जाताच येत नाही ना. मला काय हौस आहे?"

"आणि मी विसरते म्हणून इतके महिने..."

"बरं, बरं," जाईताई म्हणाली. "आता जेवताना नको. घरातलंच आहे ना सगळं? बाहेरच्यानं पाहिलं का?"

वल्लरीनं नवऱ्याकडं पाहिलं. वरुण पोळीचा तुकडा रसात बुडवून बसला होता, तो वर काढून खाईना अन् खालीही ठेवीना. शेवटी म्हणाला, "ताईचा हेतू वाईट नव्हता."

अन् याच जाईताईनं, पासवर्ड चालत नाही म्हणून वल्लरी फोनवर रडायची तेव्हा तिला समजावलं होतं. होतं गं असं, औषधांनी विसरायला होतं, तू स्वतःला त्रास करून घेऊ नको. स्वतः कुलूप बदलून यायचं, अन् मग दाराबाहेर बसलेलीच्या पाठीवरून हात फिरवायचा. अंजलीनं हे ऐकलं तेव्हा ती हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या स्वस्त खानावळींच्या मांडवात, जेवत होती. फिश बॉलची वाटी तिनं दूर सारली. पुढं कितीतरी वेळ तिला तो पाठीवरचा हात दिसत राहिला.

वल्लरीनं दवाखान्याकडं लेखी तक्रार केली. वापरलेली लिंक इतके महिने चालली कशी, कोणी कोणी वापरली, मला कागदावर पाहिजे. दवाखान्यानं कंपनीला विचारलं. आता मात्र प्रबोधचं 'पाहू' संपलं. दोन दिवसांत दुरुस्ती झाली. जे वर्षभर होत नव्हतं ते दोन दिवसांत. नवा पासवर्ड जतन झाला की लिंक मरायची, नवी मागवली की जुन्या मरायच्या, मुदत अर्ध्या तासाची, अन् जुन्या सगळ्या लिंका एका झटक्यात पुसल्या. अंजलीनं सगळं तपासलं, बरोबर होतं.

मग प्रबोधनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर दवाखान्याला पाठवायच्या उत्तराचा मसुदा होता. 'सदर पेशंटने आपली लिंक इतरांना दिल्यामुळे हा प्रकार घडला.' पुढं काही नाही.

"अर्धंच हाय हे," अंजली म्हणाली.

"खोटं आहे का?"

"लिंक दिली, खरं हाय. पण त्यानंतर तिनं ते वापरली. तिथंच मरा लागत होती. आपण जिवंत ठेवली, अन् मी सांगितल्यावरही ठेवली. ते कुठं हाय यात?"

प्रबोधनं खुर्ची जवळ ओढली. "ऐक. तिच्या नवऱ्याचा मला फोन आला होता. चांगला मुलगा आहे, पुण्यात आमच्याच भागातला निघाला. त्यालाही हे वाढवायचं नाही. घरातला मामला आहे. ती तक्रार मागे घेते म्हणाली तर उत्तर पाठवायची वेळच येणार नाही. तिचं तुझ्याशी जमतं. तू बोल. आपल्या भाषेत बोल."

"आपल्या?"

"मराठीत गं."

"आता? तुमच्यासमोर?"

"स्पीकरवर ठेव," प्रबोध म्हणाला. "आणि तुझा इथं नोकरी करायचा पास यंदा रिन्यू व्हायचा आहे ना? मी लिहिणार आहे चांगलं." हे त्यानं इतक्या सहज म्हटलं, जसं पाणी पाहिजे का विचारावं.

एकीकडून नवरा अन् एकीकडून हा, दोघांनी मिळून वल्लरीच्या तोंडावर हात ठेवायचं ठरवलं होतं, अन् त्यासाठी हात पाहिजे होता अंजलीचा. तिला अंगावर गोचीड चढावा तसं झालं. तिनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"वल्लरी, मी अंजली. माझा मॅनेजर प्रबोध समोर बसून हाय, तो ऐकून राहिला. तुनं तक्रार मागं घ्यावी म्हणून मले फोन कराले लावला."

प्रबोधचा हात फोनकडं निघाला अन् अर्ध्यातच थांबला.

वल्लरी म्हणाली, "वरुणही तेच म्हणतो. ती मागे घेतली तर सही करीन म्हणतो. नाहीतर ताईचं नाव कागदावर येईल."

"मंग?"

"तुम्ही सांगा ना, अंजलीताई. मला ती खेप हवी आहे हो."

अंजलीनं मान वळवली. काचेपलीकडं माणसं डबे घेऊन चालली होती. 'लढ बाई' म्हणणं सोपं होतं. सही तिच्या नवऱ्याची, पोट तिचं, वय तिचं.

"मी काय सांगू? घेतली तर सही मिळंल. पण कागदावर एकच गोष्ट राहील, का पेशंट विसरते. उद्या एखादं इंजेक्शन नर्सनं चुकवलं तरी तूच विसरली म्हणतीन. अन् लिंक गेली तरी तुझी नणंद हायच, ते दुसरी वाट काढंल. सही करणारा तोच राहील. हे दोन्ही पाहून तूच ठरव."

प्रबोधनं दोन्ही हात वर केले अन् छताकडं पाहिलं.

"तिथे तुमचे मॅनेजर आहेत ना?" वल्लरीनं विचारलं. तिचा आवाज आता निराळा होता. "त्यांना विचारा, त्यांच्या बायकोचे रिपोर्ट पण याच पोर्टलवर आहेत का."

प्रबोधनं स्वतःच्या फोनची पाठ चोळली.

"तक्रार राहू दे," वल्लरी म्हणाली. "मी सोमवारी क्लिनिकला जाते आहे. वरुणला यायचं असेल तर येईल. डॉक्टरसमोरच विचारते त्याला, सही कशासाठी अडवलीस म्हणून. त्यानं ते मोठ्यानं सांगावं, मला ऐकायचं आहे."

फोन बंद झाला.

"हे तू काय केलंस, कळतंय का?" प्रबोध म्हणाला. गोडवा कुठं गेला होता कोणास ठाऊक.

"तुम्हीच म्हणले, आपल्या भाषेत बोल."

त्या संध्याकाळी अंजलीनं उत्तर आपल्या हातानं लिहिलं. लिंक पेशंटनं घरच्यांना दिली होती. वापरल्यावर ती बंद व्हायला हवी होती, झाली नाही. नव्या लिंका मागवल्यावरही झाली नाही. दोष आमचा. मागच्या वर्षी ही खोट दाखवून दिली होती, तेव्हा दुरुस्त केली नाही. पेशंटनं कोणताही पासवर्ड विसरल्याचं नोंदींत दिसत नाही. दवाखान्यानं रीतसर मागितलेल्या नोंदी सोबत लावल्या. कंपनीत माहितीच्या सुरक्षेला जबाबदार असलेल्या बाईंना ते दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, प्रबोधला न विचारता सही केली अन् पाठवून दिलं.

सोमवारी वरुण दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तेच उत्तर होतं. त्यांनी त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं, पेशंटनं कोणताही पासवर्ड विसरल्याचं दिसत नाही. मग विचारलं, उपचार थांबवायचं दुसरं काही कारण आहे का? वरुण म्हणाला, नाही. त्यांनी कागद पुढं केला, त्यानं सही केली. बायकोकडं न पाहता केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताईला किती लागलं असेल, याचा विचार केलास?"

वल्लरीनं अंजलीला फोन केला तो क्लिनिकच्या बाहेरून. पहिलं इंजेक्शन घेऊन झालं होतं. वरुण टॅक्सी पाहायला पुढं गेला होता, अन् ती म्हणाली की तो पुढं गेला ते बरं झालं, जवळ उभा राहिला की ओकारी येते. औषधानं नाही.

"अन् मूल झालं तर?" अंजलीनं विचारलं.

"झालं तर माझं," वल्लरी म्हणाली. "मग बघू."

अंजलीच्या पासबद्दल प्रबोधनं चांगलंही लिहिलं नाही अन् वाईटही लिहिलं नाही. नुसतं तिला पोर्टलवरून काढून दुसऱ्या कामाला टाकलं. पार्किंगच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर. पहिल्याच दिवशी तिनं पोत्याच्या तळाशी हात घातला.